‘नाइलाजास्तव’ हा शब्द खोडा

‘सर्व ग्राहकांना कळविण्यात येते की, वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव आम्हाला दरवाढ करावी लागत आहे. तरी ग्राहकांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

हे वाक्य पहिल्यांदा कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही, पण ते तुम्ही वाचलेलं आहे. पिठाच्या गिरणीत पुठ्ठ्यावर, केशकर्तनालयात आरशाच्या कोपऱ्यात, मेसच्या काउंटरवर, आणि आता व्हॉट्सअॅपवर, शेवटी हात जोडलेल्या तीन इमोजींसह. मी भुकूमला राहतो. चांदणी चौकातून पौड रस्त्याने निघालं की बावधन, भूगाव आणि मग आमचं गाव. एका बाजूला जुनी घरं, दुसऱ्या बाजूला नव्या सोसायट्या आणि त्या सोसायट्यांमध्ये माझ्यासारखे स्वतः स्वयंपाक न करणारे बरेच लोक. त्यामुळे इथे पोळीभाजी केंद्रं आणि डबे पुरवणारी मंडळी भरपूर आहेत आणि वर्ष-दीड वर्षातून एकदा हे वाक्य फोनवर येतं.

माझं या वाक्याशी भांडण आहे. ते पुन्हा एकदा वाचा आणि मला सांगा, डबा कितीला झाला?

सांगितलेलंच नाही. कधीपासून, तेही नाही. ज्यांनी महिन्याचे पैसे आधीच भरलेत त्यांचं काय, तेही नाही. ग्राहकाला ज्या तीन गोष्टी कळायला हव्यात त्या तिन्ही गायब, आणि ज्यांची त्याला गरज नाही त्या तिन्ही हजर: महागाई, नाइलाज आणि विनंती. मग लोक विचारतात, ‘किती?’ साठ गिऱ्हाइकं असतील तर हा प्रश्न पन्नास वेळा येतो, आणि काकू पोळ्या सोडून पन्नास वेळा उत्तर देत बसतात. प्रत्येक उत्तराबरोबर पुन्हा थोडं स्पष्टीकरण, थोडी अजिजी. न केलेल्या गुन्ह्याची पन्नास सुनावण्यांमध्ये कबुली.

लोक म्हणतील, एवढं काय त्यात, बिचाऱ्या नम्रपणे लिहितात. नम्रपणाला माझा आक्षेप नाही. आक्षेप असा आहे की हे वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं लिहिणाऱ्यालाच महागात पडतं. हे हिशोबानेच दाखवावं लागेल.

एक डबा घ्या. चार पोळ्या, सुकी भाजी, वरण, भात. किंमत ९० रुपये, ती १०० करायची आहे. रोज ६० डबे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे महिन्याला १५६० डबे. हे आकडे कुणा एका केंद्राचे नाहीत, समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पण असा व्यवसाय करणाऱ्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. आता मेसेजमध्ये लिहायचं ठरलं की ‘तेल महागल्यामुळे’. तेल खरंच महागलं होतं. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, आणि रिफाइंड तेलावरचं १२.५ वरून ३२.५ टक्के. ऐन सणासुदीच्या तोंडावर. समजा त्यामुळे लिटरमागे वीस रुपये वाढले. एका डब्यात सगळं मिळून फार तर ३० मिलिलिटर तेल जातं. लिटरला वीस रुपये म्हणजे ३० मिलिलिटरला ६० पैसे.

साठ पैसे! वाढ दहा रुपयांची आणि कारण साठ पैशांचं.

बरं, गॅस धरू. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये समजा ४०० डबे निघतात. सिलिंडर ६० रुपयांनी वाढला तर डब्यामागे पंधरा पैसे. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या नावाने महाराष्ट्रभर दरवाढीचे मेसेज लिहिले जातात, त्या दोन्ही मिळून एक रुपयासुद्धा होत नाहीत. ग्राहक हा हिशोब कागदावर करत नाही, पण त्याला कुठेतरी जाणवतं की तेलासाठी दहा रुपये हे काही पटत नाही. तो कुरकुरतो ती तिथे. दहा रुपयांवरून नव्हे, न पटणाऱ्या कारणावरून.

मग दहा रुपये गेले कुठे? पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींना नगावर पैसे मिळतात. पोळीमागे पन्नास पैसे वाढवले की चार पोळ्यांचे दोन रुपये. डबा पोचवणाऱ्या मुलाला महिन्याला पंधराशेच्या आसपास वाढवले की डब्यामागे एक रुपया. डाळ, तांदूळ, गहू, भाजी यांचं वरखाली होत असतं, दोन वर्षांचं मिळून दोन रुपये धरा. तेल आणि गॅस धरून झाले पावणेसहा. उरले सव्वाचार रुपये. १५६० डब्यांचे साडेसहा हजारांच्या थोडे वर.

ते काकूंचे आहेत. पहाटे साडेपाचला उठून कणीक भिजवणाऱ्या बाईची दोन वर्षांनी झालेली पगारवाढ. आणि हीच गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेही नसते. ‘नाइलाजास्तव’ हा शब्द नेमका तिच्यावर टाकलेला पडदा आहे: मला काही नको हो, ही वाढ तेलवाल्याची, गॅसवाल्याची, सरकारची. मी नुसती मधली.

आमच्या क्षेत्रात दर वर्षी अप्रेझल नावाचा एक सोहळा असतो. त्यात आम्ही आमच्या मॅनेजरला असं लिहीत नाही की घरभाडं वाढल्यामुळे नाइलाजास्तव मला दहा टक्के जास्त मागावे लागत आहेत, तरी कंपनीने सहकार्य करावे. उलट आम्ही वर्षभर काय केलं याची फुगवून यादी देतो आणि वाढ कमी मिळाली की लिंक्डइन उघडतो. तोच माणूस संध्याकाळी डब्याचे दहा रुपये वाढले म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर ‘लूट’ असं लिहितो. वर्ष बदललं की आपल्या कामाची किंमत बदलते हे आपल्याला मान्य, पोळी लाटणाऱ्या बाईच्या कामाची मात्र नाही. तिने अजिजी केली पाहिजे, हा त्या अन्यायाचा उरलेला भाग.

कारण देणंच चुकीचं, असं मला म्हणायचं नाही. १९८६ साली डॅनियल कानमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या तिघांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॅनडातल्या टोरांटो आणि व्हँकुव्हरच्या रहिवाशांना फोन करून त्यांनी छोट्या दुकानदारांच्या गोष्टी सांगितल्या आणि विचारलं, हे योग्य की अन्याय्य? एका गोष्टीत लेट्यूसचा तुटवडा होतो, दुकानदाराला घाऊक बाजारात प्रत्येक गड्ड्यामागे ३० सेंट जास्त मोजावे लागतात आणि तोही तेवढेच ३० सेंट वाढवतो. ७९ टक्के लोक म्हणाले, ठीक आहे. दुसऱ्या गोष्टीत एका किराणा दुकानात पीनट बटरचा काही महिन्यांचा साठा पडून आहे. मालकाला कळतं की घाऊक भाव वाढलाय, आणि तो जुन्याच साठ्यावर लगेच नवा भाव लावतो. हे ठीक आहे म्हणणारे निघाले फक्त २१ टक्के.

म्हणजे लोक वाढीवर चिडत नाहीत. वाढ आणि कारण यांचं माप जुळलं नाही की चिडतात. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये अगदी पीनट बटरचीच गोष्ट घडली. शुल्कवाढीनंतर तीनच दिवसांत केंद्राच्या अन्न विभागाने तेल कंपन्यांच्या संघटनांना बोलावून सांगितलं की जुन्या शुल्कात आलेलं सुमारे ३० लाख टन तेल देशात आहे, ते ४५ ते ५० दिवस पुरेल, तोवर किमती वाढवू नका. आता अशा आठवड्यात, मागे पंधरा किलोचे चार डबे जुन्या भावाचे रचलेले असताना ‘तेल महागल्यामुळे’ लिहिणारा दुकानदार स्वतःला कुठे उभा करतो ते बघा. गिऱ्हाइकाला ते डबे काउंटरवरून दिसतात.

आणि तेलाची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. ३० मे २०२५ला कच्च्या तेलावरचं हेच शुल्क २० वरून १० टक्के झालं. व्यावसायिक सिलिंडरचा भाव तर साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, कधी वर, कधी खाली. तुम्ही तुमची किंमत तेलाला जाहीरपणे बांधली असेल, तर तेल उतरल्यावर गिऱ्हाइकाने ‘काकू, आता कमी करा’ म्हणणं रास्तच आहे. त्याला काय उत्तर देणार? मावशींची मजुरी परत थोडीच घेता येते. ज्या कारणाचा भाव उतरू शकतो ते कारण मेसेजमध्ये लिहायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मे वाद होणारच नाहीत.

मोठ्या संस्था कसं लिहितात ते पाहा. अमूलने १ मे २०२५पासून दूध लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं. अमूलची अशी पत्रकं वर्षानुवर्षं एकाच साच्यातली असतात: किती रुपये, कोणत्या तारखेपासून, कोणत्या पिशव्यांवर. मग ही वाढ तीन-चार टक्केच आहे आणि अन्नधान्याच्या महागाईपेक्षा कमी आहे, हे थोडं बचावाचं वाक्य. ते मला आवडत नाही. पण त्यानंतर येतं ते वाक्य फार चांगलं आहे: ग्राहकाच्या प्रत्येक रुपयातले सुमारे ऐंशी पैसे दूध उत्पादकाला जातात. ते का वाढवलं यावर रडत नाहीत, पैसे कुणाकडे जातात ते सांगतात. माफी तर कुठेच नाही.

माफीचं काय होतं ते नेटफ्लिक्सला विचारा. जुलै २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत डीव्हीडी आणि स्ट्रीमिंग यांचा एकत्र प्लॅन मोडला आणि दोन्ही हवं असणाऱ्याचं बिल ९.९९ डॉलरवरून १५.९८ वर नेलं. लोक खवळले. सप्टेंबरमध्ये प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपलं चुकलं असं जाहीर लिहिलं. पण भाव तोच ठेवला, आणि त्याच लेखात डीव्हीडीसाठी वेगळी कंपनी, वेगळी वेबसाइट अशी नवी कटकट जाहीर केली. त्या तिमाहीत आठ लाख ग्राहक सोडून गेले. माफी मागायची आणि किंमत तीच ठेवायची, याचा ऐकणाऱ्याला एकच अर्थ लागतो: यालाही माहीत आहे की हे चूक आहे, तरी करतोय. काकूंच्या हात जोडलेल्या इमोजींचा अर्थही नकळत तोच होतो.

किराणावाल्यांबद्दल एक सांगायला हवं. पाकीटबंद मालावर छापील किमतीपेक्षा जास्त घेताच येत नाही, तो कायदा आहे. त्यामुळे बिस्किटं, साबण, पिशवीतलं तेल यांच्या वाढीबद्दल दुकानदाराने मेसेज पाठवायचं कारणच नाही, पुड्यावर लिहिलेलं असतं. त्याच्या हातात भाव असतो तो सुट्या मालाचा, दळणाचा, घरपोच देण्याचा. मी बोलतोय ते अशा, स्वतःच्या हातातल्या किमतीबद्दल.

ज्याला हा मेसेज लिहायचं धाडस होत नाही तो काय करतो, हे पाहिलं की विषय किती खरा आहे ते कळतं. तो किंमत तीच ठेवतो आणि पोळी लहान करतो. वरण पातळ होतं. भाजीत बटाटा वाढतो. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाचलाच राहिला आणि वजन कमी होत गेलं, तसं. पण पुड्यावर निदान ग्रॅम छापलेले असतात. डब्यावर काही छापलेलं नसतं, त्यामुळे गिऱ्हाईक भांडत नाही, एका एक तारखेला गुपचूप बंद करतं, आणि काकूंना कधीच कळत नाही की का. दहा रुपये सांगायच्या संकोचापायी चाललेला डबा बंद पडतो.

तर मेसेज. मी लिहिला असता तो असा:

‘१ तारखेपासून पूर्ण डबा १०० रुपये (आत्ता ९०), हाफ डबा ७० रुपये (आत्ता ६५).
ज्यांचे महिन्याचे पैसे भरलेले आहेत, त्यांना तो महिना संपेपर्यंत जुनाच दर.
डब्यात बदल नाही: चार पोळ्या, भाजी, वरण, भात. खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा, पूर्वीसारखाच.
पोळ्या करणाऱ्या मावशींची आणि डबा पोचवणाऱ्याची मजुरी वाढवली आहे. माझीही.
काही विचारायचं असेल तर दुपारी तीननंतर फोन करा. धन्यवाद.’

किंमत पहिल्या ओळीत, कारण फोन लॉक असताना नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ-दीड ओळच दिसते. ‘प्रिय ग्राहक बंधूभगिनींनो, आपल्या सर्वांच्या प्रेमामुळे’ एवढंच दिसलं की लोकांना वाटतं लग्नाची पत्रिका आली. जुनी किंमत कंसात, म्हणजे फरक कुणाला शोधावा लागत नाही. लपवला तर लोक शोधतातच, आणि शोधून काढलेली गोष्ट नेहमी मोठी वाटते. भरलेल्या पैशांना जुना दर, ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये काही मोडणारा बदल करतो तेव्हा आधी विचारतो, जे जुन्यावर चालू आहेत त्यांचं काय? तोच प्रश्न. कानमनच्या पीनट बटरचंही उत्तर तिथेच आहे: जुना साठा जुन्या भावाने.

मजुरीच्या ओळीवर माझी आई म्हणाली, ‘माझीही’ कशाला, उगाच टोचतं. टोचू दे. एकदा वाचलेलं आहे म्हटल्यावर पुढच्या वेळी टोचणार नाही. आणि ही ओळ अशी आहे की ती तेलासारखी उतरत नाही, आकड्याशी जुळते, आणि कुणी उलटतपासणी घेतली तरी टिकते. ज्यांना ती लिहवत नाही त्यांनी कारणच देऊ नये. पाच ओळींचा मेसेज चार ओळींचा होईल, बाकी काही बिघडत नाही.

दहाचाच टप्पा का? पूर्वी सुट्या पैशांमुळे दहाने वाढवावंच लागायचं. आता बहुतेक पैसे यूपीआयने येतात, ९४ रुपयेही चालतात. म्हणून दोन वर्षं थांबून दहा वाढवण्यापेक्षा दर एप्रिलला चार-पाच वाढवणं सोपं. गिऱ्हाइकालाही कळतं की एप्रिल आला. पण जिथे दोन वर्षं वाढ झालेलीच नाही, तिथे एकदा दहा घ्यावेच लागतील, आणि घ्यावेत.

पाठवल्यावर दोन-तीन जण म्हणणारच, ‘काकू, मी जुना गिऱ्हाईक, मला नव्वदच लावा.’ इथे एकाला हो म्हटलं की संध्याकाळपर्यंत साठ जणांना कळलेलं असतं, सोसायटीची लिफ्ट व्हॉट्सअॅपपेक्षा वेगवान असते. उत्तर एकच: ‘शंभर झालाय दादा. हाफ डबा सत्तरला आहे, तो लावू का?’ कमी पैशांत कमी जेवण मिळेल, तेच जेवण मिळणार नाही. यात भांडण नाही आणि पडतंही नाही.

किती जण सोडतील ही भीती खरी आहे, पण तिलाही मोजता येतं. समजा सामान, गॅस आणि पोळ्यांची मजुरी जाऊन डब्यामागे आधी ४० रुपये सुटत होते, आता नवे खर्च धरून ४५ सुटतात. साठ डब्यांचे रोजचे २४०० होते. पाच गिऱ्हाइकं गेली तर ५५ डब्यांचे २४७५, त्यातून पोचवणाऱ्याच्या वाढीचे रोजचे साठ वजा केले तरी २४१५. म्हणजे पाच जण गेले तरी काकूंच्या हातात तेवढेच पडतात, आणि वीस पोळ्या कमी लाटाव्या लागतात. मोजायचं ते पहिल्या दिवशीच्या कुरकुरीवरून नाही, महिनाअखेरीला. त्यातही बदली होऊन गेलेले, घरून काम मिळाल्यामुळे गावी गेलेले वेगळे काढायचे. नेहमीच्या महिन्यात दोन-तीन जातातच.

आणि पाठवायचा कुठे? सोसायटीच्या ग्रुपवर नाही. तिथे पहिली प्रतिक्रिया देणारा माणूस सगळ्यांच्या वतीने मत ठरवून टाकतो, आणि तो बहुतेकदा डबा लावलेलाच नसतो. ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवावा, म्हणजे प्रत्येकाला वेगळा जातो आणि उत्तरही फक्त काकूंना येतं. पण ब्रॉडकास्टचा एक घोळ आहे: ज्याने काकूंचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. तो एक तारखेला नव्वदच पाठवतो आणि आपलं काय चुकलं ते त्याला कळत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांनी यादी बघायची, ज्यांच्या नावापुढे दोन टिक आलेल्या नाहीत त्यांच्या डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर पहिल्या दोनच ओळी पुरतात.